नववीच्या वर्गात अभंग मोजताना (माझा अनुभव)

वृत्तं शिकवून झाली की पोरांचा हात असा बसतो की समोर काहीही आलं तरी वर लघु-गुरुच्या खुणा मारायला लागतात. मनाच्या श्लोकांना ते ठीकच आहे, भुजंगप्रयात, ओळीत 12 अक्षरं, चार वेळा य गण. पण अभंग म्हणजे अक्षरछंद, तिथे लघु-गुरु बघायचंच नाही, नुसती अक्षरं मोजायची. त्यामुळे मी यावर्षी आधी व्याख्या दिलीच नाही, तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान' फळ्यावर लिहिला आणि म्हटलं बोटांवर मोजा.

सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. काही जणांचं पहिल्या चरणात सात येत होतं कारण 'ध्या'ची ते दोन अक्षरं धरत होते, तर जोडाक्षर एकच मोजायचं एवढं सांगितल्यावर जमलं. यमक कुठे ते त्यांनीच शोधलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी, विटेवरी-कटावरी. चौथा चरण मोकळा आणि आखूड. हा झाला मोठा अभंग.

खरी मजा पुढच्या ओळीला. 'तुळसीहार गळा कासे पितांबर, आवडे निरंतर तेचि रूप'. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुळसीहार गळा सात होतायत, आवडे निरंतर पण सात, मग तुकारामांचं चुकलं का?" असा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण पुस्तकात नियम छापतात आणि असल्या ओळी गुपचूप सोडून देतात. मी म्हटलं आता मोजू नका, टाळ्या वाजवत म्हणा. म्हणताना आपोआप 'तुळ्सी' आणि 'आव्डे' झालं, ळ आणि व पुढच्या अक्षराला चिकटले आणि सात अक्षरं सहाच्या जागेत बसली. अभंग गायचा असतो, मोजणी कानाची, त्यामुळे एखादं अक्षर जास्त झालं तर गाणारा ते गिळतो. श्लोकात असं चालत नाही, तिथे लघुचा गुरु झाला तरी गण मोडतो.

आणि यमकसुद्धा बघा, पितांबर-निरंतर, विटेवरी-कटावरीएवढं घट्ट नाही पण कानाला पुरतं. शेवटच्या 'तुका म्हणे'च्या ओळीत मात्र परत चोख सहा-सहा-सहा-चार, सुख-श्रीमुख.

मग लगेच एकाने 'जे का रंजले गांजले' ला तोच साचा लावून बघितला, बसेना. त्याला म्हटलं मध्ये तोडू नकोस, सलग मोज. आठ निघाले, 'त्यासी म्हणे जो आपुले' पण आठ, यमक दोन्हींच्या शेवटी. तो लहान अभंग, हे नाव तेव्हाच फळ्यावर लिहिलं.