आमची वाटचाल : फोटोत हिरवी, आत पिकलेली

आमचा माल बऱ्हाणपूरचा आणि विक्री इंदूरच्या चोइथराम मंडईत. केळी पिकवणीची दोन चेंबरं आहेत. बरी गेलेली वर्षं सांगत बसत नाही. एका मे महिन्यात आमच्यावर जे किटाळ आलं, ते अजून कानावर येतं, म्हणून लिहितो.

दुकानदाराला रोज पहाटे फोटो जातो आणि तो रंगाचा नंबर ठरवून माल उचलतो. १ म्हणजे पूर्ण हिरवं, ४ म्हणजे हिरव्यापेक्षा पिवळं जास्त, ६ पूर्ण पिवळं, ७ वर तपकिरी ठिपके.

त्या रात्री कॉम्प्रेसर बंद पडला. पिकवणीचा इथिलीन वायू देऊन झाला होता. एरवी गराचं तापमान १७ अंशांच्या आसपास ठेवतो, ते २७ वर गेलं. मी सुईचा थर्मामीटर टोचून पाहिला नाही, फोटो पाहिले. साल ३ वर दिसली, म्हणून दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशीही साल हिरवट, पण गर लगदा झालेला, आणि फणी उचलली की केळी गळत होती. जी-९ जातीचं केळं २४ अंशांच्या वर पिकलं तर सालीतलं हरितद्रव्य पुरतं जात नाही, आतला गर मात्र मऊ होत राहतो. ते फोटोत दिसत नाही.

शेजारच्या एका व्यापाऱ्याने आमच्या क्रेटचे फोटो ‘कार्बाइडचा माल’ म्हणून फिरवले. कार्बाइडला आम्ही आयुष्यात हात लावलेला नाही. त्या आठवड्यात अर्धे दुकानदार तुटले.

रामबागेतल्या फळवाल्या काकू टिकल्या. म्हणाल्या, “भाऊ, सालीचा फोटो नको पाठवूस, एक केळं कापून पाठव.” त्या दिवसापासून प्रत्येक फोटोत कापलेलं केळं आणि शेजारी राखाडी कार्ड असतं.

कार्ड का, तेही सांगतो. पिवळ्या बल्बखाली हिरवं केळंही पिवळं दिसतं. एकदा फोटोत कार्डाचा लाल-हिरवा-निळा आकडा २००, १८०, १४० आला. राखाडीचे तिन्ही आकडे सारखे हवेत. सालीचा होता १९०, १८०, ६०, म्हणजे लाल हिरव्याच्या वर, जणू पिवळं. कार्ड १८० वर आणायला लाल ०.९ ने आणि निळा सुमारे १.२९ ने गुणला, तर साल १७१, १८०, ७७ झाली. लाल हिरव्याच्या खाली, म्हणजे अजून हिरवट. हा हिशेब ढोबळ आहे, पण चुकीचा नंबर सांगण्यापासून वाचवतो.

नव्या मुलांना सांगतो, चेंबरमध्ये एकच पांढरा दिवा ठेवा आणि फोटोआधी सुईचा थर्मामीटर टोचा. केसर आंब्याचा व्यवहार करत असाल तर रंगावर जाऊच नका, तो पिकला तरी बऱ्याचदा हिरवट राहतो.

काकू आजही पहिला क्रेट आमच्याकडूनच उचलतात. तो व्यापारी आता स्वतः कापलेल्या केळ्याचा फोटो पाठवतो. त्या कार्बाइडच्या फोटोंबद्दल मात्र त्याने अजून शब्द काढलेला नाही.