दोन ठोकरा, अडीच सेकंद

मी गाड्यांच्या अपघातांचा सर्व्हेयर आहे. बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे बंपरचे फोटो काढायचे आणि बिलातून पैसे कापायचे. बऱ्याच दिवशी ते खरंही असतं. पण एखाद्याला इजा झाली आणि दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात गेला, तर विमा कंपनी तपासासाठी पाठवते आणि मग प्रश्न बदलतो. किती नुकसान झालं, यापेक्षा कोणामुळे झालं हे सांगावं लागतं. गेल्या हिवाळ्यातली अशीच एक केस अहवाल देऊन झाला तरी माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, कामशेतचा बोगदा मागे टाकून पुण्याकडे येताना, संध्याकाळचे साडेचार. रस्ता कोरडा. उजव्या लेनमध्ये एकामागे एक तीन गाड्या. मधल्या लेनमधला एक ट्रक इंडिकेटर न देता उजवीकडे सरकला. पहिल्या गाडीने ब्रेक मारला आणि ती त्याला न धडकता थांबली. दुसरी तिच्यावर आदळली, तिसरी दुसरीवर. ट्रक निघून गेला. पहिल्या गाडीत मागच्या सीटवर साठीच्या एक काकू होत्या. त्यांचं मनगट मोडलं आणि मानेला लचक भरली.

गुन्हा दाखल झाला तो तिसऱ्या गाडीच्या चालकावर. पिवळ्या पाटीची टॅक्सी, पंचविशीतला पोरगा. फिर्यादीत नेहमीचं वाक्य होतं: ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून पुढील वाहनास पाठीमागून जोराची ठोस दिली.’ पंचनाम्याच्या नकाशात तीन चौकोन आणि एक बाण. एकही माप नाही. असे पंचनामे पाहून मला दर वेळी संताप येतो. टेप लावायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं कोणी देत नाही. मग शेवटी जो असेल त्याच्या नावावर सगळं जातं, त्यातून टॅक्सीवाला असेल तर विचारायलाच नको.

दुसऱ्या गाडीचे मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. बोलणं मृदू, कागद सगळे फाइलमध्ये लावलेले. त्यांचं म्हणणं ठाम होतं. “साहेब, मी ब्रेक लावला होता. गाडी थांबतच होती. मागच्याने ढकललं म्हणून मी पुढे गेलो. आणि मी शंभरच्या आत होतो, कॅमेऱ्यात बघा.” त्यांनी स्वतःहून डॅशकॅमचं कार्ड काढून दिलं. पुढचा आणि मागचा, दोन्ही कॅमेरे चालू होते.

मी आधी गाड्या पाहिल्या, फुटेज नंतर. हा माझा शिरस्ता आहे, कारण व्हिडिओ पाहिला की डोळे तेच शोधायला लागतात. पहिली गाडी वर्कशॉपच्या आवारात तशीच उभी होती. तिच्या मागच्या बंपरवर दोन गोल खुणा होत्या, चण्याच्या डाळीएवढ्या. मागच्या गाडीच्या नंबरप्लेटचे स्क्रू रुतल्याच्या. मी टेप लावला. जमिनीपासून एक्केचाळीस सेंटिमीटर. दुसऱ्या गाडीच्या नंबरप्लेटचे स्क्रू मोजले, तर ती सपाट उभी असताना अठ्ठेचाळीस. सात सेंटिमीटरचा फरक. जोरात ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं. म्हणजे धडकताना दुसऱ्या गाडीचा ब्रेक पूर्ण दाबलेला होता. इथवर गृहस्थांचं बोलणं खरं.

पण शेजारी वाकलेला डेंटर म्हणाला, “साहेब, नीट बघा. दोनदा चावलंय.” खरंच, पहिल्या जोडीच्या वर आणि बोटभर डावीकडे, पुसट अशी दुसरी जोडी होती. सत्तेचाळीस सेंटिमीटरवर. म्हणजे दुसऱ्या वेळी नाक खाली नव्हतं. गाडी थांबून सरळ झालेली होती आणि तेव्हा तिला कोणीतरी मागून ढकललं. खुणांचा क्रम त्यांच्या उंचीतच लिहिलेला होता. आधी स्वतःची धडक, मग ढकलणं.

काकूंना मी एकच प्रश्न विचारला. धक्के किती बसले? एकच बसला असता, तर मधली गाडी नुसती ढकलली गेली असं मानायला जागा होती. काकू म्हणाल्या, “दोन. पहिल्याने पर्स खाली पडली. काय झालं म्हणून मी सीटवर हात टेकून मागे वळले आणि तेवढ्यात दुसरा बसला.” टेकलेला तोच हात मोडला होता.

आता फुटेज. वेगाचा आकडा ब्याण्णव. त्या गृहस्थांनी वेगाची मर्यादा खरोखर पाळली होती, आणि त्यांना वाटत होतं की विषय तिथेच संपतो. मी दोन गाड्यांमधलं अंतर शोधत होतो. रस्त्यावरचा पट्टा यासाठी उपयोगाचा नसतो, तो बॉनेटखाली कधी गेला ते कॅमेऱ्याला दिसत नाही. पण धडकेच्या थोडं आधी एका पुलाची सावली रस्त्यावर आडवी पडलेली होती. पुढच्या गाडीची मागची काच काळवंडते ती फ्रेम धरली. मग आपल्याच काचेवरचं डॅशबोर्डचं प्रतिबिंब नाहीसं होतं ती फ्रेम. मध्ये एकोणीस फ्रेम. सेकंदाला तीस फ्रेमच्या हिशेबाने पाऊण सेकंदही भरत नाही.

ब्याण्णवच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण साडेपंचवीस मीटर जाते. म्हणजे कॅमेऱ्यापासून पुढच्या गाडीपर्यंत सोळा मीटर, आणि कॅमेऱ्यापुढचं बॉनेट वजा केलं तर चौदा. तीन-साडेतीन गाड्यांची लांबी. पुढच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सेकंद-सव्वासेकंद लागतो. तेवढ्यात पुढची गाडी मंदावलेली असते आणि आपण अजून ब्याण्णववरच असतो. मग दोघांचे ब्रेक सारखे असले तरी वेगातला फरक मिटत नाही. माझ्या हिशेबाने धडकताना तो ताशी तीस किलोमीटरच्या आसपास होता.

पुढची गाडी जिथून गेली तिथे आपण किमान दोन सेकंदांनी पोचायचं, हा दोन सेकंदांचा नियम. त्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. लोकांना वाटतं, दोन सेकंदांत गाडी थांबते. तसं नाही. कोरड्या रस्त्यावर या वेगाला नुसत्या ब्रेकिंगला सुमारे पंचेचाळीस मीटर लागतात, पण तेवढे पुढच्या गाडीलाही लागतात, म्हणून ते एकमेकांत वजा होतात. दोन सेकंद असतात ते आपण उशिरा ब्रेक लावतो त्या सव्वा सेकंदासाठी, वर थोडी शिल्लक. पुढची गाडी ब्रेक लावून थांबणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ती कशाला तरी धडकून जागच्या जागी थांबली, तर दोन सेकंदही पुरत नाहीत. पाऊस असेल तर अंतर दुप्पट धरायचं.

मग मी मागचा कॅमेरा लावला. तीच सावली. आपण सावलीत शिरल्यापासून टॅक्सीची काच काळवंडेपर्यंत चाळीस फ्रेम. सव्वा सेकंदाहून थोडं जास्त, चौतीस मीटर. तिघांत ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता, त्याने मधल्या गृहस्थांच्या दुपटीहून जास्त अंतर ठेवलेलं होतं.

त्या रात्री मी कागदावर पुन्हा पुन्हा आकडे मांडले. मधली गाडी नुसत्या ब्रेकने थांबली असती, तर टॅक्सी तिच्यामागे साधारण तीन मीटरवर थांबली असती. अगदी काठावर, पण थांबली असती. मधली गाडी धडकली, त्या धडकेत तिचा वेग एकदम तुटला आणि ती नऊ-दहा मीटर आधीच उभी राहिली. तेवढेच मीटर टॅक्सीला कमी पडले. दोन ठोकरांमध्ये फुटेजवर अडीच सेकंद आहेत. त्या अडीच सेकंदांत काकू मागे वळल्या.

म्हणजे मनगट मोडलं टॅक्सीच्या धक्क्याने, आणि तो धक्का बसला मधल्या गाडीमुळे. कोणाची हयगय म्हणायची?

कायद्यात याला उत्तर आहे. पुढचं वाहन अचानक मंदावलं किंवा थांबलं तरी धडक होणार नाही एवढं पुरेसं अंतर ठेवायचं, असं १९८९च्या रस्ता नियमांतला तेविसावा नियम सांगत होता; २०१७ साली त्या नियमांच्या जागी नवे आले, पण अंतराची अट राहिली. ‘पुरेसं’ म्हणजे किती, ते त्या नियमात नव्हतं. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निशान सिंग खटल्यात सांगितलं: आदर्श परिस्थितीत किमान दोन ते तीन सेकंद. त्या खटल्यात ट्रकमागे दहा-पंधरा फुटांवर असलेल्या मारुतीच्या चालकाला दोषी धरलं गेलं, कारण अचानक ब्रेक ही गोष्ट मागच्याने गृहीतच धरायची असते. २०२५ साली त्याच न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात महामार्गावर विनाइशारा थांबणाऱ्या गाडीवर पन्नास टक्के जबाबदारी टाकली, पण मागच्या दुचाकीस्वाराचेही वीस टक्के कापले. पुरेसं अंतर ठेवलं नाही हे त्यातलं एक कारण होतं. आमच्या केसमधल्या पहिल्या गाडीला ट्रकमुळे ब्रेक लावणं भाग होतं, तिच्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं आपल्याकडे हाड मोडल्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये २०१३पासून पोलीस नुसत्या चिकटून चालण्याला निष्काळजी वाहनचालन मानून जागेवर शंभर पौंड दंड आणि परवान्यावर तीन दंडगुण देऊ शकतात, धडक झालेली नसतानाही. इतक्या वर्षांत अंतर न ठेवल्याचं एकही चलन मी कोणाच्या हातात पाहिलेलं नाही. वेगाचं पाहिलं आहे, सीटबेल्टचं पाहिलं आहे. म्हणूनच ते निवृत्त गृहस्थ मनापासून म्हणू शकले, “पण मी कुठला नियम मोडला?” मी त्यांना सावलीच्या दोन फ्रेम शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, “जास्त अंतर ठेवलं की कोणीतरी मध्ये घुसतं हो.” हे खरं आहे, मलाही रोज हाच अनुभव येतो. घुसला तर पाय उचलून पुन्हा दोन सेकंद मोजायचे, याखेरीज माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

अहवालात मी दोन्ही धडका, खुणांच्या उंच्या, फ्रेम आणि सेकंद लिहिले. अपघाताची सुरुवात मधल्या गाडीने केली, टॅक्सीचं अंतरही अपुरं होतं, असं लिहिलं. टक्के न्यायाधिकरण ठरवेल. काकूंची भरपाई त्यासाठी अडू नये, दोघांपैकी कोणाकडूनही ती पूर्ण मागता येते.

टॅक्सीवाला पोरगा जबाब द्यायला आला होता. त्याला मी चाळीस फ्रेम दाखवल्या. त्याने विचारलं, “सर, पूर्ण दोन सेकंद ठेवले असते तर?”

हिशेब माझ्यासमोरच होता. मधली गाडी धडकून लवकर थांबली हे धरूनसुद्धा, टॅक्सी दहा मीटर राखून थांबली असती. मी त्याला तसं सांगितलं. तो बोटांवर काहीतरी मोजत होता, “एक हजार एक, एक हजार दोन”. “एवढंच?” तो म्हणाला, आणि पुन्हा मोजू लागला.