तिसरी शिट्टी

सकाळी अकराच्या सुमारास सिडकोतल्या कुठल्याही गल्लीतून चालत जावं, कुकरांची मैफल फुकटात ऐकायला मिळते. या घरात डाळ, समोर बटाटे, वरच्या मजल्यावर कुणाचे तरी हरभरे. कुणाचा कुणाशी ताल जुळत नाही आणि त्याची कुणाला पडलेलीही नसते. तरी प्रत्येक घरातल्या एका माणसाला त्या गोंगाटातून आपलीच शिट्टी तेवढी ऐकू येते. फोनवर गप्पा चालू असतात, पण डोक्यात कुठेतरी मोजणी चालू असते.

म्हणूनच घरावर गाणं करायचं म्हटलं की ही शिट्टी हमखास सुचते. आणि सुचली की हमखास समेवर जाऊन बसते. एक शिट्टी रेकॉर्ड करायची, कापायची आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर चिकटवत जायचं. नाशिक ढोलाच्या गावात तर हात आपोआपच तिकडे जातो. टोला पडला की सगळं तिथेच पडायला हवं. पण हिशेब करून बघा. केहरवा, मिनिटाला ८० मात्रा. म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची आणि आठ मात्रांचं आवर्तन ६ सेकंदांचं. चार आवर्तनांत चार शिट्ट्या, म्हणजे २४ सेकंदांत चार! असा कुकर खरंच कुणाच्या ओट्यावर वाजला, तर माणसं आधी गॅस बंद करतील आणि मग लांब जाऊन उभी राहतील.

खरा कुकर पहिल्या शिट्टीला भरपूर वेळ घेतो. पाणी तापायचं, आतली हवा बाहेर पडायची, मग दाब चढायचा. एकदा शिट्टी झाली की दाब थोडासाच उतरतो, त्यामुळे पुढची लवकर येते. तिसरी कित्येकदा त्याहून लवकर येते, कारण पहिल्या शिट्टीच्या वेळी डब्यांतले तांदूळ आणि डाळ अजून पुरते तापलेले नसतात. तोवर तेही उष्णता ओढत असतात. आच तीच ठेवली तर त्यानंतरची अंतरं साधारण सारखी होत जातात. आधी लांबलचक वाट बघणं आणि मग घाई, असा हा सगळा प्रकार. गाण्यात आणायचा तो हा.

साडेतीन मिनिटांचं गाणं धरू. वरच्या लयीत त्याची ३५ आवर्तनं होतात. पहिलं मिनिटभर कुकर आहे याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. पहिली शिट्टी बाराव्या आवर्तनात, दुसरी बाविसाव्या, तिसरी एकोणतिसाव्या. म्हणजे मधे आधी दहा आवर्तनं, मग सात. खऱ्या कुकरपेक्षा पहिली लवकरच झाली, पण गाण्यात एवढी सूट चालते. तिसरीनंतर सहा आवर्तनं उरतात. तिथे चौथी शिट्टी घालायचा मोह होतो. घालू नये. वरणभाताला तीन पुरतात हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, आणि चौथी वाजली की तो गाणं सोडून गॅसचा विचार करायला लागतो.

आवर्तनात नेमकी कुठे? माझं मत खालीच्या बाजूने आहे. साधारण ३ सेकंदांची शिट्टी निवडली तर ती बरोबर चार मात्रा व्यापते. पाचव्या मात्रेवर उचलायची, समेपर्यंत विरू द्यायची. मग सम मोकळी राहते, तिथे तबला आणि गाणारा दोघंही सुटसुटीत येतात. यात एक खोच आहे. शिट्टी टाळीसारखी एकदम सुरू होत नाही, आधी फुसफुसते आणि मग चढते. त्यामुळे आवाजाचा तुकडा नेमका पाचव्या मात्रेपासून लावला तर कानाला ती मागे पडल्यासारखी वाटते. तिला चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तुकडा अलीकडे सरकवायचा. पडद्यावरच्या रेघा बघून हे ठरत नाही. डोळे मिटून ठेका धरायचा आणि कानाने सरकवायचं.

ताल म्हणून खरी उपयोगाची गोष्ट शिट्टीच्या आधी असते. दाब पुरता होत आला की वरचं वजन जागच्या जागी थरथरतं, नळीच्या तोंडावर बारीक खुळखुळ सुरू होते. हे धातूवर धातू आपटल्याचे छोटे, टोकदार आवाज असतात, म्हणून ते मात्रांवर नेमके बसतात. शिट्टीच्या आधीच्या दोन आवर्तनांत ही खुळखुळ अगदी हळू आवाजात आणली की ऐकणारा न सांगता सावरून बसतो. तळाशी जाळी न ठेवता डबे लावले तर तेही आत खडखडतात. तो आवाज जाड असतो आणि तबल्याच्या बायाशी भांडतो, म्हणून जाळी ठेवलेली बरी.

रेकॉर्डिंगसाठी कुकरमध्ये डाळ नको. ती फेसाळते, वजनाबरोबर पिवळं पाणी उडतं आणि शिट्टी घोगरी, ओली येते. बटाटे आणि दोन वाट्या पाणी बास. पाण्याशिवाय कुकर चढवायचा नाही, आणि हवी तिथे शिट्टी पाडण्यासाठी वजनाला चमच्याने डिवचायचं नाही. तालापेक्षा बोटं महत्त्वाची. झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघावं. रिंग सैल झाली असेल तर वाफ कडेने निसटत राहते, वजन उचललंच जात नाही आणि हाती नुसतं स्स्स लागतं.

माइक दीड-दोन हात लांब, वाफेच्या वाटेतून बाजूला. फ्रिज आणि एक्झॉस्ट फॅन बंद. मोबाइलवर करत असाल तर आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय आधी बंद करा. नाहीतर शिट्टीला फोन दबकतो आणि ती संपली की गॅसची घरघर फुगून वर येते. शिट्टीचा सगळ्यात मोठा भाग मायनस १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवावी. आठ-दहा शिट्ट्या घेऊन ठेवाव्यात, कारण एकच तुकडा तीनदा वापरला तर कान दुसऱ्यांदाच ओळखतो. लांबी कमी पडली म्हणून ताणायलाही जाऊ नये, ताणलेली शिट्टी पाण्याखालून आल्यासारखी वाटते. त्यापेक्षा दुसरी निवडावी.

गाणं मिसळताना अडचण येते ती शब्दांची. शिट्टीचा जोर वरच्या पट्टीत असतो, आणि आपल्या स, श, च यांचाही तिथेच. ‘सांजवेळी शेजारी’ अशी ओळ शिट्टीखाली आली की नुसते स्वर ऐकू येतात. शिट्टीचा आवाज कमी करून भागत नाही. ओळच दोन मात्रा अलीकडे संपवावी, नाहीतर कवीशी बोलावं. कवी सहसा ऐकत नाहीत.

शिट्टीवर ‘किती झाल्या गं?’ असा बायकी आवाज घालायची फार हौस असते लोकांना. तो आवाज आला की गाण्याची मसाल्याची जाहिरात होते. मोजायचं काम ऐकणाऱ्यावर सोडावं, त्याला आयुष्यभराचा सराव असतो.

झालेलं गाणं घरात कुणाला न सांगता मोठ्याने लावून बघावं. तिसऱ्या शिट्टीला कुणी उठून स्वयंपाकघरात गेलं तर जागा बरोबर. पहिल्यालाच गेलं तर त्या घरात इंडक्शन असेल, किंवा नवीन सून.