टॉवेल कारखान्याचं वीजबिल: स्थिर किती, बदलतं किती (प्रगतीची नोंद)

सोलापूरच्या टॉवेल कारखान्यांत वीजबिल हा धड स्थिर खर्च नाही आणि धड बदलताही नाही. माग बंद असले तरी मागणी आकार लागतो, दिवे जळतात. माग चालले की प्रत्येक तासाला युनिटं पडतात. या दोन भागांची फोड लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे महिन्यांच्या आकड्यांना सगळ्यात जवळून जाणारी सरळ रेषा काढून करायची आणि आलेले आकडे नेमके काय सांगतात ते वाचायचं, एवढीच ही नोंद. आकडे उदाहरणासाठी बेतले आहेत. कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असतो तसा बारा मागांचा, दोन पाळ्यांचा धरला आहे.

| महिना | माग-तास | बिल (₹) |
|---|---|---|
| ऑक्टोबर | 4000 | 39,600 |
| नोव्हेंबर | 3400 | 35,200 |
| डिसेंबर | 4600 | 43,500 |
| जानेवारी | 3000 | 33,400 |
| फेब्रुवारी | 4400 | 42,600 |
| मार्च | 4800 | 46,000 |
| एप्रिल | 4200 | 41,900 |
| मे | 3600 | 37,800 |

माग-तास म्हणजे एक माग एक तास चालला. पाळीच्या वहीतून हा आकडा निघतो. टॉवेलांचे नग धरले तर जाड-पातळ मालाने हिशेब बिघडतो, कारण मागाची मोटर तासावर वीज खाते, नगावर नाही.

माग-तासांची सरासरी 4000 आणि बिलाची ₹40,000 येते. प्रत्येक महिन्याचा या सरासऱ्यांपासूनचा फरक काढायचा. तासांच्या फरकाला बिलाच्या फरकाने गुणून बेरीज करायची आणि तिला तासांच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. तास शंभरांत आणि बिल हजारांत धरलं तर 186.8 भागिले 272, म्हणजे 0.687. हा उतार, म्हणजे दर माग-तासाला ₹6.87. रेषा सरासरीच्या बिंदूतून जातेच, म्हणून 40,000 मधून 4000 तासांचे ₹27,470 वजा केले की छेद, म्हणजे शून्य तासांपाशी रेषा दाखवते तो आकडा, उरतो: ₹12,530. शीटमध्ये तास B स्तंभात आणि बिल C मध्ये असेल तर:

```
=SLOPE(C2:C9,B2:B9)
=INTERCEPT(C2:C9,B2:B9)
```

आधी बिल, मग तास. हा क्रम उलटा पडला तर शीट तक्रार करत नाही, पण छेद उणे येतो. वीजबिलात उणे स्थिर खर्च दिसला की सगळ्यात आधी हा क्रम तपासावा.

उतार वाचायला सोपा आहे. महिना 3800 तासांवर चालला असताना 300 तासांचं जॉबवर्क आलं, तर विजेचा जादा खर्च सुमारे ₹2,060. सरासरी बिलाच्या हिशेबाने तासाला ₹10 धरले तर ₹3,000 होतात. पण त्यातले ₹900च्या वर पैसे असे, की ते जॉबवर्क घेतलं किंवा नाही घेतलं तरी भरायचेच आहेत. भाव लावताना हा फरक थेट नडतो.

छेदाकडे मात्र जपून बघावं लागतं. "कारखाना पूर्ण बंद ठेवला तर ₹12,530 बिल येईल" असं वाचन बहुतेक जण करतात आणि ते चुकतं. आपल्याकडचे सगळे महिने 3000 ते 4800 तासांतले आहेत. शून्य तास कुणी पाहिलेलेच नाहीत. कारखान्याला कुलूप लागलं तर दिवे, पंखे, कांड्या भरायचं यंत्र हेही थांबेल आणि बिल बहुधा छेदाच्या बरंच खाली येईल. छेद सांगतो तो या पट्ट्यात, कारखाना चालू असताना, मागाच्या तासांशी न हलणारा भाग. बिलावरचे मागणी आकारासारखे ठरीव आकडे एकत्र करून छेदाशेजारी ठेवावेत. छेद त्यांच्यापेक्षा बराच कमी निघाला तर माहितीत बहुधा काहीतरी बिघाड आहे.

छेद किती डळमळीत असतो तेही याच माहितीतून दिसतं. 4000 तासांपाशी रेषेची प्रमाण त्रुटी, म्हणजे रेषा साधारण किती इकडेतिकडे असू शकते तो अंदाज, सुमारे ₹200 आहे. शून्यापाशी तीच ₹1,390 होते, कारण शून्य आपल्या माहितीपासून फार दूर आहे. 95 टक्के खात्रीचा पट्टा काढला तर छेद ₹9,100 ते ₹15,900 आणि उतार ₹6.03 ते ₹7.71. म्हणून छेद रुपया-पैशात लिहू नये, "साधारण बारा-तेरा हजार" असा वाचावा.

आता बिघाडाकडे. समजा जानेवारीच्या बिलात ₹6,000 मागील थकबाकी मिसळलेली आहे आणि ती न काढता देय रक्कम ₹39,400 तशीच भरली. उतार ₹6.87 वरून ₹4.66 वर घसरतो आणि छेद ₹22,100 होतो. आठांतल्या एका आकड्याने एवढी उलथापालथ! कारण गड्ड्याच्या यात्रेमुळे जानेवारी सगळ्यात कमी तासांचा महिना आहे, आणि टोकाचा बिंदू वर उचलला की रेषा आडवी होते. हेच ₹6,000 ऑक्टोबरमध्ये असते, तर ऑक्टोबरचे तास बरोबर सरासरीइतके असल्याने उतार जराही हलला नसता, छेद फक्त ₹750ने वाढला असता. म्हणून बिलं साफ करताना टोकाचे महिने आधी घ्यावेत. थकबाकी, विलंब आकार आणि व्याज वेगळं काढून फक्त चालू महिन्याचं बिल भरावं.

दुसरा बिघाड तारखांचा. मीटरचं रीडिंग महिन्याच्या मध्यावर होतं आणि पाळीची वही एक तारखेपासून चालते. दोन्ही तशाच जोडल्या तर यात्रेची सुट्टी एका बिलात आणि तास दुसऱ्या महिन्यात पडतात. अशा भेसळीने उतार सहसा कमी दिसतो आणि छेद फुगतो. रीडिंग ते रीडिंग तास मोजले की हे सुटतं. वही रोजची असते, त्यामुळे काम फक्त बेरजेचं आहे.

दोन्ही दुरुस्त्या केल्यावर उरलेले फरक महिन्यांच्या क्रमाने लावून पाहावेत. आर-स्क्वेअर 0.985 आहे, म्हणजे बिलातला जवळपास सगळा चढउतार रेषेत बसतो, तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. मार्च, एप्रिल, मे तिन्ही रेषेच्या वर आहेत, प्रत्येकी ₹500च्या आसपास. सोलापूरचा उन्हाळा बघता पंखे-कूलर हे पहिलं कारण वाटतं. एक स्तंभ वाढवून या तीन महिन्यांना 1 आणि बाकीच्यांना 0 दिलं तर उतार ₹6.67, छेद ₹12,990 आणि उन्हाळ्याचे महिन्याला जादा ₹906 येतात. फरकांच्या वर्गांची बेरीज जवळपास चौथाईवर उतरते. मात्र आठ महिन्यांतून तीन आकडे काढल्यावर मोकळीक पाचाचीच उरते, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याची बिलं येईपर्यंत ₹906 कच्चेच धरावेत.

हे `LINEST` ने काढताना 0-1 चा स्तंभ तासांच्या लगेच शेजारी, C मध्ये घालावा लागतो, बिल मग D मध्ये सरकतं:

```
=LINEST(D2:D9,B2:C9,TRUE,TRUE)
```

उत्तराच्या पहिल्या ओळीतले आकडे उलट्या क्रमाने येतात: आधी उन्हाळ्याचा, मग तासांचा, शेवटी छेद. पहिल्याच घरात 906 दिसले म्हणून तो तासाचा दर समजू नये.