तुम्ही विचारलंत म्हणून: रेझ्युमे लिहून का देत नाही

"तुझं इंग्रजी एवढं चांगलंय, मग रेझ्युमे सरळ लिहूनच का देत नाहीस? प्रश्न काय विचारत बसतोस?"

द्यायचो ना पूर्वी. एका रात्रीत द्यायचो आणि मला त्याचा भयंकर माज होता.

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करणारा माझा एक मित्र, डिप्लोमा मेकॅनिकल, ६ वर्षं एकाच कंपनीत. त्याच्या रेझ्युमेत वडिलांचं नाव, छंद क्रिकेट, शेवटी सहीसकट डिक्लेरेशन, असं सगळं होतं. मी ते उडवलं, ठीकच केलं. पण त्यात एक ओळ होती, "मेंटेनिंग एसपीसी चार्ट", ती मला फारच केविलवाणी वाटली म्हणून मी तिचं केलं "इम्प्लिमेंटेड एसपीसी इन मशीन शॉप". एसपीसी म्हणजे ठरावीक वेळाने मापं घेऊन, चार्टवर मांडून मशीनच्या कामावर लक्ष ठेवायची पद्धत, हे तेव्हा मला धड माहीत नव्हतं, आणि त्याला विचारावं असंही वाटलं नाही.

सातपूरला इंटरव्ह्यूला समोरच्याने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. तुम्ही लावलंत ना एसपीसी, मग बोअरचा सीपीके किती यायचा, कमी आला तर काय करायचात? बोअर म्हणजे पार्टमधलं मशीनवर कापलेलं गोल भोक, आणि सीपीके म्हणजे मशीनवर येणारं माप टॉलरन्सच्या, म्हणजे चालू शकणाऱ्या फरकाच्या, आत किती ऐसपैस बसतंय त्याचा आकडा, बऱ्याच ठिकाणी किमान १.३३ मागतात. तो काढायचं काम इंजिनिअरचं, हा फक्त रीडिंग घ्यायचा. गडबडला आणि म्हणाला, "सर, ते मित्राने लिहिलंय." त्यानंतर त्याला कोणी काही विचारलंच नाही.

संध्याकाळी त्र्यंबक नाक्यावर चहा घेताना तो माझ्यावर उखडला. "अरे मी काय करायचो विचारायचंस तरी! दर तासाला ५ पीस बोअर गेजने मोजायचो, सरासरी आणि रेंज चार्टवर मांडायचो. एकदा सलग ७ पॉइंट खाली खाली जाताना दिसले, सगळे टॉलरन्सच्या आतच होते, तरी मी सेटरला बोलावलं. भोक कापणारा इन्सर्ट झिजला होता, बोअर बारीक येत चालला होता. बदलला, एक पीस रिजेक्ट गेला नाही." मग जरा थांबून म्हणाला, "हे लिहायचं असतं का रे?"

त्याच्या ६ वर्षांत सांगण्यासारखं तेच होतं, आणि ते ज्या ओळीमागे दडलं होतं तीच मी खोडली होती. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

म्हणून प्रश्न. आधी विचारतो, कुठल्या जागेसाठी अर्ज करतोयस, जाहिरात पाठव. ती न बघता काय ठेवायचं, काय काढायचं सांगणं म्हणजे अंदाजपंचे. मग रेझ्युमेवर अर्धा मिनिट नुसती नजर फिरवतो, बंद करतो आणि मला काय आठवतंय ते सांगतो. एकाच्या बाबतीत फक्त क्रिकेट आठवलं होतं. त्यावरून त्याला आपोआप कळतं की कामाचा भाग वर यायला हवा. मग नोकऱ्यांच्या तारखा, मधलं रिकामं वर्ष. त्यानंतर त्याने एकच ओळ निवडायची आणि मी त्यावर विचारत जायचं, काय मोजायचास, कशाने, किती वेळाने, बिघडलेलं दिसलं तर तू काय केलंस. तो मराठीत बोलतो, मग लिहितो तोच. बाकीच्या ओळी त्याच्या त्याने. लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर तो २ मिनिटं बोलू शकला तरच ओळ ठेवायची.

स्पेलिंग, फॉन्ट, फोन नंबर बरोबर आहे का, हे अगदी शेवटी. आधी स्वल्पविराम दुरुस्त केले तर माणूस तेवढेच दुरुस्त करतो, "झालं" म्हणतो, आणि जी ओळ उद्या काढायचीच आहे तिचं व्याकरण मात्र शुद्ध होतं.

आता तुमचं म्हणणं की ज्याला इंग्रजीची एक ओळ जमत नाही त्याला असं ताटकळत ठेवणं म्हणजे दुष्टपणा. असेल. जुना मी तर म्हणेल, शिकवण्या कसल्या घेतोस, त्याला नोकरी हवीय. त्याला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. ओळ त्याच्या तोंडून आली तर तिचं इंग्रजी मी सुधारतो, तेवढं करतो. पण "सांभाळला" चं "लावला" कधी होतं हे इंग्रजी सुधारताना हाताला कळत नाही, तेव्हाही कळलं नव्हतं.

आणि नियम माझ्याकडूनही मोडतो. परवा शेजारच्या मुलीचा रात्री साडेदहाला फोन, अर्जाची मुदत बाराला संपत होती. तिचा वरचा तीन ओळींचा परिचय मीच लिहून दिला. पाठवून झाल्यावर तिला फोनवर म्हटलं, आता प्रत्येक शब्दाचा अर्थ सांग. दुसऱ्याच ओळीवर अडकली. तोवर अर्ज गेला होता.