साडेसात म्हणजे कुणाचे साडेसात?

मंगळवार, ११ मार्च २०२५. संध्याकाळी साडेसातला मी पुण्याहून कॉल सुरू केला. डब्लिनची सहकारी वेळेवर आली. पण ज्यांच्या होकारासाठी मीटिंग ठेवली होती, ते शिकागोचे साहेब आलेच नाहीत. दहा मिनिटं वाट पाहून चॅट उघडलं, तर पाऊण तासापूर्वीचा त्यांचा निरोप : "आठपासून वीस मिनिटं थांबलो. नऊला माझी दुसरी मीटिंग आहे."

ग्राहकाच्या गोदामांचा सगळा हिशेब आम्ही नव्या डेटाबेसवर हलवणार होतो. येत्या शनिवारी रात्री ते करायचं की नाही, हे शिकागोने सांगायचं होतं. मी मेल पाठवला होता गुरुवारी, ६ तारखेला. त्यात `11/03, 7:30 pm IST, 8:00 am CST` एवढंच लिहिलं होतं. त्या दिवशी पुणे शिकागोच्या साडेअकरा तास पुढे होतं, म्हणजे हिशेब बरोबरच होता. पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, आणि तो रविवार ९ तारखेला आला. मंगळवारी फरक साडेदहा तासांवर आला होता. आमच्या साडेसातला तिकडे नऊ वाजले होते. आयर्लंडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी हलतात, म्हणून डब्लिनला काहीच बिघडलं नाही. CST हे नाव काटेकोरपणे फक्त हिवाळ्यातल्या वेळेचं, पण तिथला माणूस ते "आमची वेळ" असंच वाचतो. साहेबांनीही तसंच वाचलं, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी फरक मेल लिहिण्याच्या दिवसाचा धरला, मीटिंगच्या दिवसाचा नाही. आणि मेलवर भागवलं. कॅलेंडरचं निमंत्रण पाठवलं असतं, तर त्यांना आपोआप नऊ दिसले असते.

त्या रात्री घरी न जाता दुसरा मेल लिहायला बसलो. आधी लिनक्सवर तपासून घेतलं, मीटिंगची तारीख घालून :

```
TZ=America/Chicago date -d '2025-03-13 18:30 +0530'
TZ=Europe/Dublin date -d '2025-03-13 18:30 +0530'
```

सकाळचे आठ आणि दुपारचा एक. मग दिवस शोधायचे होते. शुक्रवारी आमच्याकडे धुळवड, सोमवारी १७ तारखेला आयर्लंडमध्ये सेंट पॅट्रिक डेची सुट्टी. बुधवार आणि गुरुवार, दोनच उरले. पाच-सहा पर्याय दिले की एकेक जण वेगळा दिवस निवडतो आणि मेल फिरत राहतात, हे मी आधी भोगलंय. म्हणून दोनच दिले आणि उत्तर कधीपर्यंत हवं तेही लिहिलं. एक ओळ अशी होती :

"गुरुवार, १३ मार्च : शिकागो सकाळी ८.०० ते ८.३०, डब्लिन दुपारी १.०० ते १.३०, पुणे संध्याकाळी ६.३० ते ७.००."

महिना अक्षरी लिहिला, कारण `11/03` हे साहेबांनी आधी ३ नोव्हेंबर असं वाचलं होतं. किती वेळ लागेल हे मिनिटांत न सांगता प्रत्येक गावाची संपण्याची वेळ दिली. त्यामुळे नऊच्या मीटिंगआधी आपण मोकळे होतो, हे त्यांना एका नजरेत कळलं.

विषयपत्रिकेत पूर्वी मी "स्थलांतराची चर्चा" असं लिहून मोकळा व्हायचो. या वेळी कामाची सद्यस्थिती मेलमध्येच लिहून टाकली आणि मीटिंगला दोन प्रश्न ठेवले. पहिला : या शनिवारी करायचं का? पंधरा मिनिटं, उत्तर शिकागोचं. दुसरा : बिघडलं तर जुन्या डेटाबेसवर परतायचा निर्णय कोण घेणार? पंधरा मिनिटं, तिघांनी मिळून. पहिल्या प्रश्नाखाली शनिवारची फोड केली : शिकागोत शनिवार १५ मार्च, रात्री १० वाजता. डब्लिनला तेव्हा रविवार, पहाटे ३. पुण्यात रविवार, सकाळी ८.३०.

ही फोड वाचून डब्लिनच्या सहकारीचं लगेच उत्तर आलं. ती शनिवारी संध्याकाळभर जागी राहायच्या तयारीत होती, पहाटे तीनला हजर राहणं तिला शक्य नव्हतं. तिच्या जागी रविवारी सकाळी पुण्यातून मी बसायचं, हे मीटिंगआधीच ठरलं. साहेबांनी गुरुवार निवडला. मी लगेच निमंत्रण पाठवलं आणि त्यांच्या कॅलेंडरवर आठच दिसतायत ना, हे विचारून घेतलं. मीटिंग सव्वीस मिनिटांत संपली, होकार मिळाला.

त्यानंतर दर मंगळवारी हीच वेळ कायम झाली. २८ मार्चला, शुक्रवारी, मी तिघांसाठी एक ओळ पाठवली : रविवारी डब्लिनची घड्याळं पुढे जातील, मंगळवार १ एप्रिलपासून तिथे दुपारी २.००, शिकागो आणि पुणे तसंच. IST मात्र लिहिलं नाही. उन्हाळ्यात डब्लिनमध्ये तीच तीन अक्षरं त्यांच्या स्वतःच्या, आयरिश वेळेची असतात.