फळीवरून पडलेली बाटली

कपाशीवर फवारणीचे दिवस होते. आर्वी तालुक्यातल्या आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळीच एक आजी नातवासोबत आल्या. टोपलीत त्यांची मांजर, मनी. "डॉक्टरसाहेब, इच्या तोंडातून सारखी लाळ गळून राह्यली जी."

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग थरथरतंय, छातीत घरघर. फवारणीचं औषध पोटात गेल्याची ही लक्षणं. पहाटे मनीनं फळीवरची अर्धी बाटली पाडली होती. झाकण सैल होतं, औषध सांडलं, ती त्यातून चालली आणि नंतर पाय चाटले. आम्ही हातमोजे घालून तिचे पंजे साबणाच्या पाण्यानं धुतले आणि ॲट्रोपिन दिलं. त्यानं लाळ आणि घरघर आवरते, स्नायूंची थरथर मात्र सावकाश जाते. दुपारनंतर मनी मान वर धरू लागली, तेव्हा आजींशी नीट बोललो.

"रोज काही ना काही पाडते का?"

"रोज पहाटं. मी ओरडतो, मंग उठून दूध देतो तिले."

कारण इथंच होतं. मांजराला अगदी नाकाजवळचं नीट दिसत नाही, म्हणून ते पंजानं चाचपून बघतं. वस्तू हलली की शिकारीची सवय जागी होते. पाडण्याची सुरुवात बहुधा अशी होते. पण मनीला पुढं कळलं की काही पडलं की आजी उठते आणि दूध मिळतं. पहाट ही मांजराच्या हालचालीची वेळ, त्यात पोट रिकामं.

सांगितलं ते एवढंच: औषध घरात नकोच, बाहेर कुलपाच्या पेटीत ठेवा. फळीवर फुटणारं काही ठेवू नका. रात्री झोपण्याआधी सुतळीला चिंधी बांधून मनीला दहा-पंधरा मिनिटं पळवा, मग पोटभर खाऊ घाला आणि सुतळी उचलून ठेवा, ती गिळली तर आतडी अडतात. शिकार झाली, पोट भरलं, की मांजर अंग चाटून झोपतं. पहाटे काही पडलं तर ओरडू नका, उठू नका. मारणं तर नकोच. त्यानं ती तुम्हाला घाबरेल, पाडणं थांबणार नाही.

नातवाला वेगळं बजावलं, कारण बहुतेक घरं इथंच हरतात. दूध बंद झालं की पहिले काही दिवस ती जास्तच पाडेल. तेव्हा कंटाळून एकदा जरी दूध दिलं, तर जास्त वेळ पाडत राहिलं की मिळतं, हेच ती शिकेल.

पुढच्या आठवडी बाजाराला नातू भेटला. म्हणाला, "मधात लय पाडलं जी, चमचे, डबे, सारं. आजीले मीच उठू नाही देल्लं." आता मनी उजाडेपर्यंत झोपते. दूध आजी चूल पेटवल्यावर देतात.

मनी तरुण होती, म्हणून मी सवयीचाच विचार केला. म्हातारं मांजर अचानक असं करू लागलं, खूप खाऊनही वाळत चाललं, तर आधी तपासायला आणा. थायरॉइडच्या आजारातही मांजर असं अस्वस्थ आणि भुकेलं होतं.